चहा-बिहा आणि गोडधोड : मराठीतला जोडीदार शब्द काय सांगतो?

‘चहा घेणार?’ आणि ‘चहा-बिहा घेणार?’ हे दोन प्रश्न एकच नाहीत. पहिल्याला हो किंवा नाही असं उत्तर पुरतं. दुसऱ्याला ‘चहा नको, पण सरबत चालेल’ असंही म्हणता येतं आणि त्यात यजमानाला काही वावगं वाटत नाही, कारण त्याने तशी मोकळीक आधीच दिलेली असते. ती दिली ‘बिहा’ने. या शब्दाला शब्दकोशात जागा नाही, तो एकटा कुठे वापरता येत नाही, आणि तरी त्याने वाक्याचा अर्थ बदलला.

मराठीत शब्द जोडीने येण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. शाळेत आपण त्यांना अभ्यस्त शब्द म्हणून शिकतो. तोच शब्द जसाच्या तसा दोनदा आला तर पूर्णाभ्यस्त (हळूहळू, दोन दोन), थोडा बदलून आला तर अंशाभ्यस्त (गोडधोड, शेजारीपाजारी), आणि नादावरून झालेला असेल तर अनुकरणवाचक (गडगड, किरकिर). ही वर्गवारी बरोबर आहे, पण ती फक्त शब्दाचं रूप पाहते. ‘गोडधोड’ आणि ‘गोड-बिड’ दोन्ही तिच्या हिशेबी अंशाभ्यस्तच, आणि वापरात मात्र त्यांची कामं अगदी वेगळी आहेत. हा फरक समजला की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं, म्हणून आधी ‘बि’कडेच जाऊ.

‘बि’चा नियम मराठी मुलाला कोणी शिकवत नाही, पण तो चुकतही नाही. शब्दाचं पहिलं व्यंजन आणि त्याला लागलेला स्वर काढायचा, तिथे ‘बि’ ठेवायचा, पुढचं सगळं तसंच राहू द्यायचं. पाणी-बिणी, शाळा-बिळा, पुस्तक-बिस्तक. सुरुवातीला जोडाक्षर असेल तर ते सगळंच जातं : प्रेम-बिम, स्टेशन-बिशन. शब्द स्वराने सुरू होत असेल तर काढायला व्यंजन नसतं, मग स्वर तेवढा जातो आणि ‘बि’ येऊन बसतो : ऑफिस-बिफिस, उपास-बिपास. पहिल्या अक्षरावर अनुस्वार असेल तर तो राहतो : बँक-बिंक, पंखा-बिंखा. नियम जिवंत असल्याची खूण ही की काल आलेल्या शब्दालाही तो लगेच लागतो. मोबाईल-बिबाईल, पासवर्ड-बिसवर्ड ही रूपं कोणी ठरवून दिलेली नाहीत आणि ऐकणाऱ्याला ती समजावून सांगावीही लागत नाहीत.

नियम अडतो तो एकाच ठिकाणी. शब्द मुळातच ‘बि’ने सुरू होत असेल तर ‘बि’ घालून काहीच बदलत नाही. बिस्कीट-बिस्कीट हा प्रतिध्वनी उरत नाही, नुसती पुनरुक्ती होते. अशा वेळी कोणी ‘बिस्कीट-फिस्कीट’ म्हणून सुटका करून घेतं, कोणी सरळ ‘बिस्किटं वगैरे’ म्हणतं. यावरून एक गोष्ट दिसते : जोडीदार शब्द मूळ शब्दासारखा ऐकू यायला हवा, पण तोच असता कामा नये.

नामच नव्हे, क्रियापदंही अशी जोडीने येतात, आणि दोन्ही सगळ्या प्रत्ययांसकट. ‘शाळेत-बिळेत’, ‘जेवून-बिवून जा’, ‘घाबरू-बिबरू नकोस’. ‘बि’चं मन कळायला हे क्रियापदांचं उदाहरण फार उपयोगी आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा आवाज फोनवर बसका येतो आणि आई विचारते, ‘काय रे, ताप-बिप आलाय का? पडलास-बिडलास का कुठे?’ मुलगा म्हणतो, ‘अगं आई, पडलो-बिडलो नाही. नुसती सर्दी झालीये.’

आईच्या ‘बिप’ने आणि ‘बिडलास’ने जाळं मोठं केलं. ताप, अंगदुखी, पडणं, खरचटणं, काहीही असेल ते सांग, मी नाव घेतलं नाही म्हणून लपवू नकोस. मुलाच्या ‘बिडलो’ने तेच जाळं सगळंच्या सगळं परत केलं. पडलो नाही, आणि तुझ्या मनात आणखी जे काही असेल तेही झालेलं नाही. शब्द एकच, रूप एकच, पण प्रश्नात त्याने काळजी पसरवली आणि नकारात ती पुसून टाकली.

म्हणजे ‘बि’चा स्वतःचा अर्थ एवढाच : ‘हे, आणि याच्यासारखं आणखी काही’. तो शब्दाची कड सैल करतो. पुढचं काम वाक्य करतं. प्रश्न असेल, जर-तर असेल, आग्रह असेल, तर सैल कडेमुळे मोकळीक किंवा काळजी व्यक्त होते : ‘रस्त्यात काही लागलं-बिगलं तर फोन कर.’ ठाम नकार असेल तर त्या शब्दाची आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याची एकदम वासलात लागते : ‘भूत-बित काही नसतं.’ ‘मी चहा-बिहा घेत नाही.’ या शेवटच्या वाक्यात तुसडेपणा कुठून येतो, तर समोरच्याने प्रेमाने देऊ केलेली एक नेमकी वस्तू बोलणाऱ्याने ‘असलं काहीतरी’ या ढिगात टाकली, त्यातून. ‘मी चहा घेत नाही’ ही माहिती झाली. ‘बिहा’ने तो शेरा झाला.

कड सैल होते याची खात्री करायची असेल तर शब्दापुढे मोजणारी संख्या ठेवून पाहा. ‘तीन पुस्तकं आण’ ठीक आहे. ‘पुस्तकं-बिस्तकं आण’ ठीक आहे. ‘तीन पुस्तकं-बिस्तकं आण’ मात्र कानाला खटकतं. जे मोजायचं त्याला सीमा हवी आणि ‘बि’ सीमाच काढून टाकतो, म्हणून दोघांचं पटत नाही. संख्येलाच ‘बि’ लागतो तो ती खोडून काढण्यासाठी : ‘दहा-बिहा काही नाही, पाच मिनिटांत आवरायचं.’

मराठी नव्याने शिकणाऱ्यांची गफलत होते ती इथेच. त्यांना ‘बि’ हा आपुलकीचा, घरगुती सूर वाटतो आणि तो ते सगळीकडे लावतात. पण समोरच्याला जी गोष्ट एकमेव वाटते तिला ‘बि’ लावला की ती गोष्ट ‘असल्या’ गोष्टींपैकी एक होऊन जाते. ‘तुमच्या पुस्तकाचं प्रकाशन-बिकाशन झालं का?’ असं लेखकाला विचारलं तर त्याला ते बोचणार, विचारणाऱ्याच्या मनात काहीही असो. माणसांच्या नावांना आणि मानाच्या नात्यांना तर तो फार जपून लावावा. ‘सुरेश-बिरेश कोणी आला नव्हता’ यात सुरेशची किंमत गेलेलीच असते. निमंत्रणपत्रिकेत, सांत्वनाच्या पत्रात, अर्जात ‘बि’ दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्ट नेमकी आणि आपापल्या मानाने यावी लागते.

आता ‘गोड-बिड’शेजारी ‘गोडधोड’ ठेवू. जेवण झाल्यावर घरातलं कोणी विचारतं, ‘गोड-बिड काही आहे का?’ गुळाचा खडा दिला तरी चालेल, काल उरलेला शिरा चालेल, केळंही चालेल. याउलट ‘आज घरी गोडधोड केलंय’ असं कळलं की डोळ्यांसमोर ताट येतं : पुरणपोळी नाहीतर श्रीखंड, आणि सण नाहीतर पाहुणे. गुळाचा खडा म्हणजे गोडधोड नव्हे. ‘बिड’ने ‘गोड’ची कड सैल केली होती, ‘धोड’ने उलट एक भरलेला, ओळखीचा संच उभा केला. ‘शेजारी-बिजारी कोणी असेल तर किल्ली ठेव’ म्हणजे शेजारी किंवा दुसरं कोणीही, आणि ‘शेजारीपाजारी जमले’ म्हणजे आजूबाजूची सगळी घरं मिळून एक समुदाय.

या पक्क्या जोड्यांमध्ये जोडीदार नियमाने तयार होत नाही, तो ठरलेला असतो. गोडला धोडच, बारीकला सारीकच, उरलाला सुरलाच, लहानला सहानच. ‘गोडपोड’ म्हणून चालत नाही. त्या पाठच करायच्या, आणि म्हणूनच त्या शब्दकोशात सापडतात, ‘बिहा’ सापडत नाही.

बहुतेक वेळा अर्थाचा शब्द पुढे आणि जोडीदार मागे असतो. पण काही जोड्यांत उलटं होतं, आणि त्यातली बारकी गोष्ट पाहण्यासारखी आहे. आजूबाजू, अदलाबदल, अधूनमधून, अवतीभवती. अर्थ बाजू, बदल, मधून, भवती या मागच्या शब्दांत आहे. पुढचा प्रत्येक शब्द त्याचं पहिलं व्यंजन गळून झालेला दिसतो : बाजूतला ब गेला, उरला आजू, मधूनमधला म गेला, उरलं अधून. अर्थहीन जोडीदार पुढे उभा राहिला की तो असा स्वराने सुरू होतो, मागे उभा राहिला की त्याला व्यंजन मिळतं. जीभ आधी उघडा स्वर उच्चारते आणि मग व्यंजनावर येऊन टेकते, या क्रमाचा कानाला एक तोल आहे.

काही जोड्यांत दोन्ही शब्दांना अर्थ असतो आणि तो जवळपास एकच असतो. या जोड्या मला विशेष आवडतात, कारण त्यांच्यात इतिहास बसलेला आहे. ‘कागदपत्र’मधला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतचं. ‘धनदौलत’मधलं धन संस्कृत, दौलत अरबी-फारसी. ‘बाजारहाट’मधला बाजार फारसी, आणि हाट संस्कृतातल्या ‘हट्ट’वरून आलेला आपला जुना शब्द. दोन भाषा एकाच प्रदेशात शेजारी नांदत होत्या, दरबाराचा शब्द एक आणि घरचा शब्द दुसरा. मराठीने त्यातला एक निवडून दुसरा टाकला नाही, दोन्ही जोडून समूहाचं नाव केलं. कागदपत्र म्हणजे एक कागद नव्हे आणि एक पत्रही नव्हे, सातबारा, करारनामा, पावत्या मिळून जे पुडकं होतं ते. ‘पैसाअडका’मधला अडका हेही एकेकाळी नाण्याचं नाव होतं. नाणं चलनातून गेलं, शब्द जोडीतच तेवढा राहिला. अनेक जोडीदार आज अर्थहीन वाटतात ते असेच कधीकाळी अर्थवान असलेले असू शकतात. म्हणून ‘पाजारी’ किंवा ‘धोड’ यांना निरर्थक म्हणताना ‘आजच्या बोलणाऱ्यासाठी निरर्थक’ एवढंच म्हणावं.

तिसरी तऱ्हा तोच शब्द दोनदा म्हणण्याची. ‘जोर देण्यासाठी शब्द दोनदा येतो’ असं एक ठोकळेबाज स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. ते अपुरं आहे, आणि कधी कधी तर उलटंही आहे. ‘मुलांना दोन लाडू दे’ आणि ‘मुलांना दोन दोन लाडू दे’ यात जोर वाढलेला नाही, वाटप बदललं. चार मुलं असतील तर पहिल्या वाक्याने डब्यातून दोन लाडू गेले, दुसऱ्याने आठ. ‘कोण आलं होतं?’ला एक नाव पुरतं, ‘कोण कोण आलं होतं?’ला यादी लागते. ‘मोठमोठी घरं’ म्हणजे फार मोठी घरं नव्हेत, अनेक घरं आणि त्यातलं एकेक मोठं. म्हणूनच एका घराला ‘मोठमोठं घर’ म्हणता येत नाही. ‘दारोदार’, ‘गावोगाव’, ‘क्षणोक्षणी’ यांतही तेच : एकेक दार, एकेक गाव, एकेक क्षण.

हे वाटणीचं काम फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात ‘दिवेदिवे’ येतं, रोजच्या रोज या अर्थाने. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच शब्द दोनदा येण्याच्या नियमांनी केली, आणि ‘नित्यवीप्सयोः’ या सूत्रात त्याची दोन कारणं दिली : क्रिया पुन्हा पुन्हा होणं आणि वीप्सा, म्हणजे एकेकाला व्यापणं. जोर हे कारण त्या सूत्रात नाही.

उलटं कुठे होतं ते पाहायला ‘आंबट’ घेऊ. ‘आंबट आंबट चिंचा’ म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटतं, चिंचा चांगल्याच आंबट आहेत. आता ‘भाजी आंबट आंबट लागतेय’ असं कोणी म्हणालं तर? भाजी पुरती आंबट झालेली नाही, किंचित झाल्यासारखी वाटते, बहुधा खराब होऊ लागली आहे. तोच शब्द, तितक्याच वेळा, पण इथे दुसरा ‘आंबट’ पहिल्याला फिका करतो. फरक क्रियापदाने पाडला. वाटणं, लागणं, दिसणं अशी क्रियापदं आली की पुनरुक्ती बहुतेक वेळा ‘जवळपास तसं, नक्की नाही’ असं सांगते. ‘चेहरा ओळखीचा ओळखीचा वाटतोय’ म्हणजे ओळख अजून पटलेली नाही. ‘आज आजारी आजारी वाटतंय’ म्हणजे अजून रजा टाकण्याइतकं नाही.

क्रियापदांच्या जोड्यांत हा फरक आणखी बारीक आहे. ‘हसता हसता डोळ्यांत पाणी आलं’ : हसणं चालू असताना. ‘हसून हसून पोट दुखलं’ : हसणं इतकं झालं की त्याचा परिणाम झाला. ‘बसून बसून पाठ धरली’ हे ‘बसता बसता’ने सांगता येणार नाही. आणि ‘पडता पडता वाचला’ यात तर पडणं झालंच नाही, अगदी कडेपर्यंत जाऊन राहिलं. ‘करून करून काय करणार?’ इथे पुन्हा तिसराच अर्थ, फार फार तर काय करेल. इतके अर्थ एका पुनरुक्तीत दाटलेले असताना ‘जोर दिला’ म्हणून पुढे जाणं म्हणजे भाषेचं सगळ्यात कसबी काम नजरेआड करणं आहे.

नादावरून झालेल्या जोड्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. गडगड, खळखळ हे तर ऐकू येणारे नाद. पण मराठीने हा साचा जिथे नाद नाही तिथेही नेला. घशात खवखव, डोळ्यांत चुरचुर, पोटात मळमळ, छातीत जळजळ ही तक्रार डॉक्टरांना एका शब्दात कळते, आणि मनातली रुखरुख, हुरहुर, चुटपुटही तशीच. यांतला अर्धा शब्द वेगळा काढला तर तो त्या अर्थाने उभा राहत नाही. खव खवला जोडून येतो तेव्हाच घसा दुखतो. त्यामुळे याला खऱ्या अर्थाने पुनरुक्ती म्हणता येत नाही, हा शब्दच मुळात दोन ठोक्यांचा आहे.

‘बि’ आपल्याकडेच आहे असं मात्र नाही, त्याची भावंडं देशभर आहेत. हिंदीत पानी-वानी, गुजरातीत पाणी-बाणी, बंगालीत जोल-टोल, कन्नडमध्ये नीरु-गीरु. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं, म्हणजे वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या. प्रतिध्वनी शब्द ही त्या सारखेपणाची एक ठळक खूण मानली जाते. या यादीत मराठीचं रूप नीट पाहा. हिंदी आणि गुजराती फक्त व्यंजन बदलतात, स्वर शब्दाचाच ठेवतात : पा-चं वा, पा-चं बा. कन्नड आणि तेलुगू व्यंजनाबरोबर स्वरही बदलून इकार आणतात. मराठीचं व्यंजन गुजरातीसारखं ‘ब’ आणि स्वर कन्नडसारखा ‘इ’. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भाषांच्या मध्ये नांदणाऱ्या भाषेत दोन्हीकडचं असं एकाच अक्षरात दिसावं, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. कोणी कोणाकडून काय घेतलं हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण शेजार मात्र स्पष्ट दिसतो.

लिहिताना काय करायचं, हा प्रश्न उरतो. पक्क्या जोड्या एकत्र लिहायच्या : गोडधोड, शेजारीपाजारी. ‘बि’च्या जोड्यांमध्ये मी संयोगचिन्ह घालतो, कारण ‘बिबाईल’, ‘बिसवर्ड’ हे तुकडे वाचणाऱ्याने आधी पाहिलेले नसतात आणि जोड कुठे आहे ते दिसलेलं बरं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मात्र १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी स्पष्ट भेद केला आहे. हळूहळू, मुळूमुळू, चिरीमिरी अशा पुनरुक्त शब्दांत दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ लिहायचा. पण शब्द नादानुकारी असेल तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व : लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. म्हणून बाळ दुडुदुडु धावतं तेव्हा दोन्ही डु ऱ्हस्व, आणि आजी त्याच्या मागून हळूहळू येते तेव्हा दोन्ही ळू दीर्घ.